चूक–बरोबरच्या कॅरोसेलमध्ये ‘बरोबर’ रकानाच चुकतो, तेव्हा काय तपासावे

सोलापुरातील दुकाने, वाचनालये आणि शिकवणी वर्ग यांच्यासाठी समाजमाध्यमांवरील मराठी मजकूर तपासण्याचे काम मी करतो. या कामात वारंवार हाती येणारा प्रकार म्हणजे शुद्धलेखनाचे कॅरोसेल, म्हणजेच डाव्या रकान्यात चुकीचे रूप आणि उजव्या रकान्यात बरोबर रूप देणाऱ्या सात-आठ स्लाइडची मालिका. त्यात वारंवार आढळणारा दोषही एकच आहे. डावीकडे चूक दाखवायची असतेच, ती दाखवलेलीही असते. पण उजवीकडचे ‘बरोबर’ रूप चुकलेले असते, किंवा मुळात बरोबर असलेला शब्दच डावीकडे जाऊन बसलेला असतो. हा दोष कसा ओळखावा आणि कोणत्या क्रमाने शोधावा, हे येथे लिहितो. क्रम जाणीवपूर्वक लावलेला आहे. आधीच्या तपासण्यांना पैसा लागत नाही आणि वेळही फारसा लागत नाही. पुढच्या तपासण्यांना कोश उघडावा लागतो, आणि शेवटी अशी जागा येते की तेथे आपण थांबलेले बरे.

लक्षणे

पुढीलपैकी एखादी गोष्ट दिसली, तर कॅरोसेल पुन्हा तपासावे.

- प्रकाशित झालेल्या स्लाइडवर दोन्ही रकान्यांत अक्षरशः एकच शब्द दिसतो.
- एकच शब्द तिसऱ्या स्लाइडवर एका प्रकारे आणि कॅप्शनमध्ये दुसऱ्या प्रकारे लिहिलेला असतो.
- मागच्या वेळी दुरुस्त केलेली चूक नव्या कॅरोसेलमध्ये पुन्हा उगवते.
- संगणकावर नीट दिसणारे जोडाक्षर फोनवर तुटते, किंवा ‘दुसऱ्या’ या शब्दातील आडवा र वर चढून रफार होतो.
- वाचक लिहितात, ‘‘अहो, तुम्ही चूक म्हणता तेच बरोबर आहे.’’

शेवटचे लक्षण सर्वांत गंभीर समजावे. पहिली चार बहुधा टंकलेखनाची किंवा अॅपची करामत असते. पाचवे लक्षण नियम अर्धवट लावल्याचे असते, आणि या लेखाचा मोठा भाग त्याच्यावरच खर्च होणार आहे.

पहिली तपासणी: डावा रकाना झाकून वाचणे

डिझाइनची फाइल न उघडता, तिच्यातून बाहेर काढलेली चित्रे फोनवर उघडावीत. डाव्या रकान्यावर हाताचा अंगठा ठेवावा आणि सर्व स्लाइडचा फक्त उजवा रकाना सलग, मोठ्याने वाचावा. या तपासणीला दोन मिनिटेही लागत नाहीत. दोन रूपे शेजारीशेजारी असली की डोळा त्यांच्यातला फरक शोधतो आणि फरक सापडला की समाधान पावतो. उजवे रूप स्वतंत्रपणे बरोबर आहे का, हा प्रश्न त्याला पडतच नाही. डावा रकाना झाकला की ‘परिक्षा’ हा शब्द एकटा समोर येतो आणि तो खटकतो.

त्याच वाचनात आणखी एक गोष्ट पाहावी. प्रत्येक स्लाइडवर ‘चूक’ आणि ‘बरोबर’ हे शब्द लिहिलेले असले पाहिजेत. केवळ लाल आणि हिरवा रंग पुरेसा नाही. कॅरोसेलमधील एखादीच स्लाइड स्क्रीनशॉट होऊन व्हॉट्सॲपवर फिरू लागते, आणि शीर्षकाची पहिली स्लाइड तिच्यासोबत जात नाही. ज्यांना लाल-हिरव्यातला भेद नीट दिसत नाही, त्यांच्यासाठी तर तो रंग नसल्यासारखाच असतो.

ही तपासणी प्रकाशनापूर्वी करणे स्वस्त पडते. इन्स्टाग्रामवर कॅरोसेल एकदा गेले की कॅप्शन बदलता येते, एखादी स्लाइड काढून टाकता येते, पण स्लाइडच्या चित्रावरील अक्षर बदलता येत नाही.

दुसरी तपासणी: कीबोर्डने आपले काम ‘सुधारले’ नाही ना

दोन्ही रकान्यांत एकच शब्द दिसत असेल, तर जवळजवळ नेहमी दोष फोनच्या कीबोर्डचा असतो. आपण डाव्या रकान्यात मुद्दाम चुकीचे रूप टाइप करतो, आणि आपोआप दुरुस्ती चालू असेल तर कीबोर्ड ते बदलून बरोबर रूप ठेवतो. याच्या उलट होणारी गोष्ट अधिक त्रासदायक आहे. चुकीची रूपे आपण वारंवार टाइप केली की शिकणारा कीबोर्ड तीच रूपे लक्षात ठेवतो आणि पुढे साध्या संदेशातही सुचवू लागतो. दुरुस्त केलेली चूक पुढच्या महिन्यात पुन्हा उगवण्यामागे बहुतेक वेळा हेच असते.

उपाय साधा आहे. कॅरोसेलचा मजकूर टाइप करताना आपोआप दुरुस्ती बंद ठेवावी. चुकीच्या रूपांची यादी एका वेगळ्या फाइलमध्ये एकदाच लिहून ठेवावी आणि तेथून उचलून चिकटवावी. कीबोर्डने शिकलेले शब्द त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन पुसून टाकावेत.

तिसरी तपासणी: द्ध, द्घ आणि त्यांचे भाऊबंद

सोलापुरात या तपासणीला विशेष काम पडते, कारण ग्रामदैवताच्या नावातच हे जोडाक्षर आहे. गड्ड्याच्या, म्हणजे या ग्रामदैवताच्या, यात्रेच्या दिवसांत शहरभर लागणाऱ्या फलकांपैकी कितीतरी फलकांवर ‘सिध्देश्वर’ असे छापलेले दिसते. बरोबर रूप ‘सिद्धेश्वर’ असे आहे. उच्चारात आधी द् येतो आणि नंतर ध येतो, म्हणून टाइप करतानाही तोच क्रम ठेवावा लागतो.

```
द + ् + ध = द्ध    सिद्धेश्वर, शुद्ध, पद्धत, प्रसिद्ध
ध + ् + द = ध्द    मराठीत हा क्रम लागत नाही
द + ् + घ = द्घ    उद्घाटन
```

चूक होण्याचे कारण अक्षराच्या आकारात आहे. एकत्र जोडलेल्या द्ध या आकारात द मोठा दिसतो आणि ध त्याच्या पोटाला चिकटलेला, बारीक दिसतो. त्यामुळे बारीक अक्षर ते अर्धे, असे समजून लोक ध अर्धा करतात. ‘उद्घाटन’ या शब्दातील घ तर इतका दडलेला असतो की तो ध वाटतो आणि फलकावर ‘उद्धाटन’ होते.

डोळ्यांनी शोधत बसू नये. मजकुराच्या फाइलमध्ये Ctrl+F दाबून ‘ध्द’ शोधावे. डाव्या रकान्याबाहेर एकही सापडता कामा नये. शोध घेताना कॅप्शन आणि हॅशटॅग वगळू नयेत. हॅशटॅगमध्ये ‘शुध्दलेखन’ आणि स्लाइडवर ‘शुद्धलेखन’ अशी जोडी अनेकदा आढळते.

चौथी तपासणी: आडवा र आणि रफार

‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्याला’, ‘नवऱ्याने’ या शब्दांत र आडवा लिहायचा असतो. ‘सूर्य’, ‘कार्य’, ‘पर्याय’ या शब्दांत रफार असतो. कोठे काय, हे कानाने ठरवता येते. ‘सूर्याला’ म्हणताना ‘सू’वर जोर येतो, कारण अर्धा र त्याला चिकटून उच्चारला जातो, ‘दुसऱ्याला’ म्हणताना ‘स’वर तसा जोर येत नाही. हा फरक केवळ दिसण्यापुरता नाही. ‘आचार्याला बोलवा’ म्हटले तर गुरुजी येतील आणि ‘आचाऱ्याला बोलवा’ म्हटले तर स्वयंपाकी येईल. लग्नाच्या घरात दोघेही लागतात, पण वेगवेगळ्या कामाला. त्याचप्रमाणे ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन.

आता दोष कोठे शिरतो ते पाहावे. आडवा र दोन प्रकारांनी टाइप होतो. दोन्ही प्रकार पडद्यावर सारखेच दिसतात, पण आतून वेगळे असतात.

```
U+0930 U+094D U+092F           र्य   सूर्य, आचार्य
U+0931 U+094D U+092F           ऱ्य   दुसऱ्या, आचाऱ्याला
U+0930 U+094D U+200D U+092F    र्‍य   दिसायला वरच्यासारखाच
```

तिसऱ्या ओळीत मध्ये बसलेले U+200D हे न दिसणारे चिन्ह आहे. एका अॅपमधून मजकूर उचलून दुसऱ्यात चिकटवताना ते कधीकधी गळून पडते, आणि मग ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते. लिहिणाऱ्याने बरोबर लिहिलेले असते, तपासणाऱ्याने बरोबर पाहिलेले असते, आणि तरीही प्रकाशित स्लाइडवर चूक असते. म्हणून अशा शब्दांत नेहमी दुसऱ्या ओळीतला, टिंब असलेला ऱ वापरावा. तो वापरूनही फोनवर अक्षर तुटत असेल, तर फाँट बदलावा. देवनागरीचा फाँट असूनही मराठीच्या आडव्या र ची सोय नसलेले फाँट आहेत. अशा फाँटशी भांडण्यात वेळ घालवू नये.

पाचवी तपासणी: नियम लावला, पण कोठपर्यंत लावला?

येथपर्यंत आलेला दोष यंत्राचा होता. आता तो समजुतीचा आहे, आणि म्हणून अधिक वेळ घेतो.

शहरातील एका वाचनालयासाठी तयार झालेल्या कॅरोसेलमधील चौथी स्लाइड येथे घेतो. ती सदोष आहे, हे आधीच सांगून ठेवतो. जशी आली तशी दिली आहे.

| चूक | बरोबर |
|---|---|
| सोलापूरात | सोलापुरात |
| सोलापूरला | सोलापुरला |
| सूतगिरणी | सुतगिरणी |
| पीठात | पिठात |
| विद्यापीठात | विद्यापिठात |
| परीक्षेला | परिक्षेला |

या सहा ओळींपैकी पहिली आणि चौथी अशा दोनच ओळी बरोबर आहेत. उरलेल्या चारही ओळींत बरोबर शब्द ‘चूक’ या रकान्यात बसला आहे. करणाऱ्याला नियम माहीत नव्हता असे नाही. नियम माहीत होता, म्हणूनच त्याने तो सरसकट चालवला.

नियम असा आहे. मराठी शब्दाच्या शेवटी अ असेल, तर त्याच्या आधीच्या अक्षरातील, म्हणजे उपान्त्य अक्षरातील, इकार किंवा उकार दीर्घ लिहावा: सूत, वीज, दूध, पीठ, वकील, जमीन, बहीण. विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वी या शब्दांचे सामान्यरूप होते, शेवटच्या अ च्या जागी आ, ई किंवा ए येतो, आणि उपान्त्य अक्षर ह्रस्व होते: सुताला, विजेचा, दुधात, पिठात, वकिलाने, जमिनीत, बहिणीला. कानालाही हे पटते. ‘दूध’ म्हणताना ‘दू’ लांबतो. ‘दुधात’ म्हणताना वजन पुढच्या ‘धा’वर सरकते आणि ‘दु’ आखूड होतो.

ग्रामनामाला लागणारा ‘पूर’ दीर्घ लिहावा, असा वेगळा नियमच आहे. म्हणून सोलापूर, पंढरपूर, नागपूर. ‘सोलापूर’ला त प्रत्यय लागताना मधे आ येतो, म्हणजे सामान्यरूप होते, म्हणून ‘सोलापुरात’, ‘सोलापुरातून’, ‘सोलापुरातील’. ‘सोलापुरी चादर’ यातही शेवटचा स्वर बदलला, म्हणून ह्रस्व. पण ‘सोलापूरला’, ‘सोलापूरचा’, ‘सोलापूरहून’ या रूपांत मूळ शब्द जसाच्या तसा उभा आहे. शेवटचा अ कोठेही आ झालेला नाही. मग पू ह्रस्व होण्याचे कारणच उरत नाही. ‘सोलापूरकर’ हा शब्दही याच न्यायाने दीर्घ. दुसरी ओळ येथे कोसळली.

तिसऱ्या ओळीतील ‘सूतगिरणी’ हा समास आहे. ‘सुताची गिरणी’ असे लिहिले तर सामान्यरूप होते आणि सु ह्रस्व होतो. समासात मात्र ‘सूत’ हा शब्द प्रत्ययावाचून, मूळ रूपातच आहे. ‘वीजबिल’, ‘वीजपुरवठा’, ‘दूधवाला’ हे शब्दही तसेच. गिरण्यांच्या या गावात ‘सुतगिरणी’ हे रूप इतके नजरेखालून गेलेले असते की ते बरोबर वाटू लागते. या ठिकाणी एक मर्यादा सांगितली पाहिजे: ‘फुलपाखरू’सारखे काही जुने, रुळलेले समास ह्रस्वच लिहिले जातात, त्यामुळे समासाचा शब्द स्लाइडवर घेण्यापूर्वी तो कोशात पाहून घ्यावा.

पाचवी आणि सहावी ओळ मात्र या तपासणीत सुटत नाहीत. त्यांच्यासाठी पुढची पायरी लागते.

सहावी तपासणी: शब्द कोठून आला?

‘पिठात’ बरोबर आणि ‘विद्यापिठात’ चूक, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला अन्याय वाटतो. दोन्हींत ‘पीठ’च आहे. पण ते दोन वेगळे शब्द आहेत. ज्वारीचे पीठ हा संस्कृत ‘पिष्ट’ या शब्दापासून बदलत बदलत मराठीत आलेला शब्द आहे, म्हणून तो मराठीच्या नियमाने चालतो आणि ‘पिठात’ होतो. विद्यापीठातील ‘पीठ’ म्हणजे आसन, स्थान. तो संस्कृतातून न बदलता जसाच्या तसा आलेला, म्हणजे तत्सम शब्द आहे. तत्सम शब्दांतील उपान्त्य इकार-उकार मुळात जसे असतील तसेच राहतात आणि सामान्यरूपातही बदलत नाहीत. म्हणून विद्यापीठात, शरीरात, गीतात, सूत्राने. गंमत अशी की ‘सूत’ आणि ‘सूत्र’ ही एकाच घरातली नावे असून पहिल्याचे ‘सुताने’ होते आणि दुसऱ्याचे ‘सूत्राने’च राहते.

‘परीक्षा’ या शब्दाचेही तेच. शेवटचा स्वर दीर्घ असलेल्या मराठी शब्दांत उपान्त्य इकार-उकार ह्रस्व लिहितात: विडी, विळी, चुना, पाहुणा, महिना. विडी कामगारांच्या या शहरात ‘वीडी’ लिहिलेले मला क्वचितच दिसले आहे, म्हणजे हा नियम लोकांच्या हाताला ठाऊक आहे. तोच हात पुढे ‘परिक्षा’ आणि ‘क्रिडा’ लिहितो आणि तेथे चुकतो, कारण ‘परीक्षा’ आणि ‘क्रीडा’ हे तत्सम शब्द आहेत.

फारसी-अरबीतून आलेले वकील, गरीब, जमीन हे शब्द मराठीच्याच नियमाने चालतात, हेही येथेच लक्षात ठेवावे. क्वचित एखादा शब्द आणखी पुढे जातो: ‘तारीख’ या शब्दाचे ‘तारिखेला’ होत नाही, ‘तारखेला’ होते.

तत्सम शब्दांची आणखी एक खोड कॅरोसेलमध्ये वारंवार नडते. एकटा शब्द दीर्घान्त लिहितात आणि समासाच्या पहिल्या पदात तोच ह्रस्वान्त होतो. म्हणून ‘बुद्धी’, पण ‘बुद्धिमत्ता’. ‘मंत्री’, पण ‘मंत्रिमंडळ’. ‘विद्यार्थी’, पण ‘विद्यार्थिगृह’. मूळ संस्कृत शब्दच दीर्घान्त असेल, तर समासातही तो दीर्घ राहतो: नदीतीर, लक्ष्मीपुत्र.

शब्द तत्सम आहे की नाही, हे ओळखायचे कसे? संस्कृत येत नसेल तर अंदाज करू नये. मोल्सवर्थच्या कोशात संस्कृतातून आलेल्या शब्दांपुढे तशी खूण केलेली असते आणि हा कोश महाजालावर मोफत पाहता येतो. पण तो केवळ मूळ पाहण्यासाठी वापरावा. त्याची दुसरी आवृत्ती 1857 ची आहे, आणि आजचे नियम त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी आले. त्यामुळे त्यातील ‘कवि’, ‘मति’ ही रूपे उचलून ‘बरोबर’ रकान्यात ठेवली, तर आणखी एक चूक वाढेल. आजच्या लेखनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे, शासनाने मान्य केलेले नियम प्रमाण मानावेत. त्यांतील चौदा नियम 1962 मधील आहेत आणि 1972 मध्ये चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. ते सर्व मिळून थोड्या पानांत मावतात, आणि कॅरोसेल करणाऱ्याने ते एकदा तरी उदाहरणांसह वाचलेले असावेत. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या दुसऱ्या कॅरोसेलवरून शब्द उचलणे हा या दोषाचा सर्वांत मोठा वाहक आहे.

वरील स्लाइड दुरुस्त झाल्यावर अशी झाली. डावीकडे केवळ तीच रूपे ठेवली, जी लोक खरोखर चुकीची लिहितात.

| चूक | बरोबर |
|---|---|
| सोलापूरात | सोलापुरात |
| सोलापुरला | सोलापूरला |
| सुतगिरणी | सूतगिरणी |
| पीठात (ज्वारीच्या) | पिठात |
| विद्यापिठात | विद्यापीठात |
| परिक्षेला | परीक्षेला |

‘पीठात’ या शब्दापुढे ‘ज्वारीच्या’ लिहिणे आवश्यक होते. संदर्भ नसता, तर पुढच्याच ओळीतील ‘विद्यापीठात’ पाहून वाचक गोंधळला असता. खरे तर या दोन ओळींसाठी स्वतंत्र स्लाइड करणे अधिक चांगले, कारण एका स्लाइडवर सहा जोड्या म्हणजे कारण सांगायला जागा नाही, आणि कारणावाचून दिलेली जोडी वाचक उलटी लक्षात ठेवतो.

सातवी तपासणी: व्याकरणाची स्लाइड आणि सोलापूरची बोली

शुद्धलेखनाची चूक एका शब्दात दाखवता येते. व्याकरणाची चूक दाखवायला पूर्ण वाक्य लागते. ‘माझी मदत कर’ हे वाक्य चूक आणि ‘मला मदत कर’ हे बरोबर, असे दाखवले तर वाचकाला नेमके काय बदलले ते दिसते. ‘माझी’ चूक आणि ‘मला’ बरोबर असे दोनच शब्द ठेवले, तर स्लाइड निरर्थक होते.

यापेक्षा नाजूक प्रश्न बोलीचा आहे. ‘मी काम केलो’, ‘काय करायलास?’ असे सोलापुरात सर्रास बोलतात. प्रमाण लेखनात ‘मी काम केले’, ‘काय करतो आहेस?’ असे लिहावे लागेल, हे खरे. परंतु ‘मी काम केलो’ हे वाक्य ‘चूक’ या लाल रकान्यात टाकणे मला मान्य नाही. ती चूक नाही, बोली आहे, आणि पात्राच्या तोंडी घालताना बोलीतील रूपे लिहिण्याला महामंडळाच्या नियमांतही जागा आहे. अशा स्लाइडवर रकान्यांची नावेच बदलावीत: डावीकडे ‘बोलताना’ आणि उजवीकडे ‘औपचारिक लेखनात’. एवढा बदल केला की टीका करणारे वाचकच आपल्या गावची आणखी रूपे सुचवू लागतात. याउलट ‘त्याने घरी गेला’ यासारखे वाक्य कोणाच्याही बोलीतले नसून केवळ घाईतले असते; ते निःशंकपणे लाल रकान्यात ठेवावे.

कोठे थांबावे

काही शब्दांवर आपण निर्णय देऊ नये.

विशेषनामे ही त्यातली पहिली. संस्कृतात ‘अहल्या’ असे नाव आहे, परंतु सोलापूरच्या विद्यापीठाच्या अधिकृत नावात ‘अहिल्यादेवी’ आहे, आणि संस्थेचे किंवा व्यक्तीचे नाव ती जसे लिहिते तसेच लिहावे. नावे चूक–बरोबरच्या रकान्यांत आणूच नयेत.

दुसरे, नियम आणि रूढी एकमेकांसमोर उभे राहतात असे शब्द. सिद्धेश्वर यात्रेतील काठ्यांना सगळे शहर ‘नंदीध्वज’ लिहिते. समासाचा नियम काटेकोरपणे लावला तर ‘नंदिध्वज’ लिहावे लागेल. ‘ह्रस्व’ आणि ‘ऱ्हस्व’ ही दोन्ही रूपे चांगल्या पुस्तकांत छापलेली दिसतात. अशा शब्दांवर स्लाइड करायचीच असेल, तर महाविद्यालयातील मराठीच्या प्राध्यापकांना किंवा अनुभवी मुद्रितशोधकाला विचारावे, आणि त्यांच्यात एकमत नसेल तर तो शब्द सोडून द्यावा.

तिसरे, छापखान्यातून आलेला जुन्या फाँटमधील मजकूर. युनिकोडपूर्वीच्या फाँटमधून रूपांतर करताना वेलांट्या आणि जोडाक्षरे मोठ्या प्रमाणावर हलतात. दोन-चार शब्द असतील तर पुन्हा टाइप करावेत. पानेच्या पाने असतील तर ज्या डीटीपी चालकाकडे तो फाँट आहे, त्याच्याकडूनच रूपांतर करून घ्यावे. ते स्वतः दुरुस्त करत बसणे म्हणजे एका चुकीच्या जागी दुसरी बसवणे.

चौथे, स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी पैसे घेऊन दिली जाणारी सामग्री. तेथे एका चुकीच्या जोडीमुळे कोणाचा गुण जाऊ शकतो, म्हणून वरच्या सगळ्या तपासण्या केल्यावरही ती व्यावसायिक मुद्रितशोधकाकडून तपासून घ्यावी. त्याच्याकडे पाठवताना केवळ चित्रे पाठवू नयेत. मजकुराची मूळ फाइल, बाहेर काढलेली चित्रे आणि प्रत्येक शब्द ज्या वाक्यात वापरायचा आहे ते वाक्य, एवढे सोबत द्यावे. ‘पीठात’ असा सुटा शब्द आला तर तो बरोबर की चूक, हे कोणताही मुद्रितशोधक सांगू शकणार नाही.

सदोष कॅरोसेल आधीच प्रकाशित झालेले असेल, तर चुकलेली स्लाइड काढून टाकावी, कोणती जोडी चुकली होती आणि बरोबर रूप कोणते ते कॅप्शनच्या पहिल्याच ओळीत लिहावे, आणि दुरुस्त स्लाइड स्वतंत्रपणे टाकावी. मूळ टेम्प्लेटमधील मजकूरही त्याच बैठकीत बदलावा, कारण पुढचे कॅरोसेल बहुधा त्याचीच प्रत काढून केले जाते.